हॉलिडे क्लबची मेंबरशिप कूलिंग ऑफ मुदतीत रद्द करताना: कोथरूडमधल्या एका फाइलची गोष्ट आणि त्यातून काढलेल्या पायऱ्या

2025च्या संक्रांतीला, 14 जानेवारीच्या संध्याकाळी, माझी धाकटी बहीण तिळगूळ द्यायला आली ती हातात एक जाड, चकचकीत फाइल घेऊनच. त्याआधीच्या शनिवारी, 11 तारखेला, ती आणि मेहुणे बाणेरच्या एका हॉटेलात गेले होते. डिसेंबरमध्ये मॉलमध्ये भरलेल्या लकी ड्रॉच्या कुपनावर “तुम्हाला गिफ्ट लागलंय, दोघांनी मिळून यायचं” असा फोन आला होता. दीड तासाचं बोलणं साडेचार तास चाललं. मोठ्या आवाजातली गाणी, शेजारच्या टेबलावर कुणी मेंबर झालं की टाळ्या, एक माणूस थकला की दुसरा, मग “मॅनेजर” आणि शेवटी “ही किंमत फक्त आजच्या दिवसापुरती”. दहा वर्षांची मेंबरशिप 1,85,000 रुपयांना घेऊन दोघं बाहेर पडले. त्यातले 55,000 रुपये क्रेडिट कार्डवर गेले आणि उरलेल्या 1,30,000 रुपयांचं कर्ज एका फायनान्स कंपनीकडून तिथल्या तिथे, फोनवर आलेल्या ओटीपीवर मंजूर झालं.

मी गेली काही वर्षं एका ग्राहक मार्गदर्शन केंद्रात आठवड्यातून एकदा बसते, त्यामुळे अशा फायली मी पाहिलेल्या आहेत. तरी घरातलीच फाइल समोर आली तेव्हा पोटात गोळा आला. बहीण सारखी एकच गोष्ट सांगत होती: “ताई, त्यांनी सांगितलं होतं वर्षाचं मेंटेनन्स लागणार नाही. दिवाळीतसुद्धा खोली मिळेल म्हणाले. नाही गेलो तर आठवडा भाड्याने देऊन पैसे मिळतील म्हणाले.” अ‍ॅग्रीमेंटमध्ये मात्र दरवर्षी साडेनऊ हजार रुपये अधिक जीएसटी असं वार्षिक शुल्क होतं. दिवाळी, नाताळ आणि मे महिन्याचे आठवडे तिच्या सीझनमध्ये, म्हणजे तिला खोली मागता येईल अशा काळात, बसतच नव्हते आणि बाकीचं सगळं “उपलब्धतेनुसार” होतं. शेवटून दुसऱ्या पानावर एक ओळ होती: या करारात लिहिलेल्याखेरीज कोणत्याही तोंडी आश्वासनाला कंपनी बांधील नाही.

मी तिला तेव्हा जे सांगितलं तेच या लेखाचं सूत्र आहे. कूलिंग ऑफच्या मुदतीत आहात तोवर तोंडी आश्वासनांवर भांडायचं नाही. त्या मुदतीत बाहेर पडायला कारण द्यावं लागत नाही. कारण दिलंत की कंपनीला त्या कारणाला उत्तर देता येतं, “आम्ही दिवाळीचं बघतो, तुमचा सीझन वाढवून देतो” असं म्हणता येतं, आणि त्या वाटाघाटीत दिवस संपतात. फसवणुकीचा मुद्दा पुढच्या लढाईसाठी राखून ठेवायचा. ती लढाई लागेलच असंही नाही.

आधी कलम शोधा आणि दिवस मोजा

एक गोष्ट स्पष्ट असलेली बरी. आपल्याकडे हॉलिडे क्लब किंवा टाइमशेअरसाठी वेगळा कायदा नाही, त्यामुळे “विकत घेतल्यावर इतक्या दिवसांत परत” असा हक्क कायद्याने आपोआप मिळत नाही. तो मिळतो तो तुमच्या अ‍ॅग्रीमेंटमधल्या कलमामुळे. बऱ्याच करारांत ही मुदत दहा दिवसांची दिसते, पण तुमच्या करारात काय आहे तेच खरं. विक्रेता तोंडाने “पंधरा दिवस” म्हणाला असेल आणि कागदावर दहा असतील, तर दहाच धरा.

कलम बहुतेक वेळा “कूलिंग ऑफ”, “रद्द करणे” किंवा “परतावा” अशा मथळ्याखाली मागच्या पानांवर, बारीक अक्षरात असतं. सापडलं की त्यात चार गोष्टी पाहायच्या. मुदत कशापासून मोजायची: सहीच्या तारखेपासून, पैसे भरल्यापासून, की वेलकम किट मिळाल्यापासून? दिवस कॅलेंडरचे की कामाचे? पत्र मुदतीत पाठवलं की पुरे, की ते कंपनीला मुदतीत मिळालं पाहिजे? आणि परताव्यातून काय कापणार?

बहिणीच्या करारात मुदतीबद्दल “सहीच्या तारखेपासून 10 दिवसांच्या आत लेखी कळवल्यास” इतकंच होतं. यातून वाद निघू शकतो. 11 तारीख धरून मोजलं तर दहावा दिवस सोमवारी, 20 तारखेला येतो. ती सोडून मोजलं तर मंगळवारी, 21ला. अशा वेळी आपल्याला सोयीचा अर्थ घ्यायचा नाही, सगळ्यात लवकरचा घ्यायचा. “कळवल्यास” याचा अर्थ “पोचल्यास” असा लावला जाईल हेही गृहीत धरायचं. म्हणजे आमचा शेवटचा दिवस होता 20 जानेवारी, आणि मधे एक रविवार. हातात सहा दिवस होते, पण मी तिला दोनच आहेत असं समजायला सांगितलं.

इथे आणखी एक अडचण येते. अनेकांना हॉटेलातून निघताना फक्त पैशाची पावती आणि एक-दोन सह्या केलेले कागद मिळतात. पूर्ण अटी असलेलं किट कुरियरने किंवा ई-मेलने येतं, कधीकधी मुदत उलटल्यावर. किट आलं नसेल तर त्याची वाट पाहू नका. अटी वाचल्याशिवायही रद्द करता येतं, आणि तुमच्या पत्रात “पूर्ण अटी मला अद्याप मिळालेल्या नाहीत” हे एक वाक्य जरूर घाला. मुदतीचा वाद पुढे झालाच तर ते वाक्य फार कामाचं ठरतं.

गिफ्टला हात लावू नका

पुष्कळ करारांत असं असतं की मेंबरने एखादी सुट्टी, ट्रायल स्टे किंवा गिफ्ट व्हाउचर वापरलं की कूलिंग ऑफचा हक्क संपतो, किंवा त्या गिफ्टची छापील किंमत परताव्यातून कापली जाते. आणि ही छापील किंमत बाजारभावापेक्षा पुष्कळ फुगवलेली असते. बहिणीला तीन रात्री-चार दिवसांचं व्हाउचर आणि एक ट्रॉली बॅग मिळाली होती. बॅगेचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं, ते तसंच ठेवायला लावलं. बुकिंगसाठी त्यांच्या अ‍ॅपमध्ये लॉगिन करू नका, तारखा विचारायला फोनही करू नका. “मेंबरने सेवा वापरली” असं म्हणायला जागा राहता कामा नये.

सहीनंतर एक-दोन दिवसांत बहुधा “वेलकम कॉल” येतो. तो रेकॉर्ड होत असतो. “तुम्हाला सर्व अटी समजल्या ना? लेखी करारापलीकडे कुणी काही आश्वासन दिलं नाही ना?” असे प्रश्न असतात आणि माणूस सवयीने हो-नाही म्हणून मोकळा होतो. तुम्ही अजून या कॉलला उत्तर दिलं नसेल तर एवढंच सांगा की मेंबरशिप रद्द करत आहे, लेखी कळवते. आणि आधीच “समजलं” म्हणून बसला असाल तरी घाबरू नका. मुदतीत कारण न देता रद्द करण्याचा हक्क त्या उत्तराने जात नाही. ते रेकॉर्डिंग अडचणीचं ठरतं ते मुदतीनंतर, फसवणूक सिद्ध करताना.

पत्र: विनंती नाही, सूचना

आमच्या केंद्रात मी सगळ्यात जास्त चुका याच टप्प्यावर पाहिल्या आहेत. लोक भल्या मनाने लिहितात: “काही घरगुती अडचणीमुळे मेंबरशिप पुढे नेणे शक्य होईल असे वाटत नाही, तरी कृपया विचार व्हावा.” हे पत्र वाचून कंपनी खरोखरच “विचार” करत बसते, आणि पुढे सांगते की तुम्ही रद्द केलंच नव्हतं, फक्त चौकशी केली होती. म्हणून क्रियापद पक्कं हवं: रद्द करत आहे. आम्ही त्या रात्री लिहिलेला मजकूर असा होता:

> विषय: मेंबरशिप क्र. ____, करार दि. 11 जानेवारी 2025, कूलिंग ऑफ मुदतीत रद्द केल्याची सूचना
>
> वरील करारातील कलम ____ नुसार आम्ही दोघे ही मेंबरशिप आज, दि. 14 जानेवारी 2025 रोजी रद्द करत आहोत. आम्ही कोणतीही सुट्टी, व्हाउचर किंवा अन्य सुविधा वापरलेली नाही. मिळालेली बॅग व व्हाउचर न वापरलेल्या स्थितीत परत करण्यास तयार आहोत.
>
> क्रेडिट कार्डवरून भरलेले रु. 55,000 त्याच कार्डवर परत करावेत. फायनान्स कंपनीकडून आपल्याला मिळालेली किंवा मिळणार असलेली रु. 1,30,000 ही कर्जाची रक्कम त्या कंपनीला परत करून कर्ज बंद झाल्याचे पत्र आम्हाला द्यावे.
>
> परताव्यातून काही रक्कम कापायची असल्यास ती कराराच्या कोणत्या कलमाखाली, हे लेखी कळवावे. हा निर्णय अंतिम आहे. यापुढील संवाद फक्त लेखी करावा.

खाली दोघांची नावं आणि सह्या. करार पती-पत्नी दोघांच्या नावे असेल तर सही दोघांचीच हवी, नाहीतर “सहमेंबरची संमती आली नाही” म्हणून आठवडाभर पत्र अडकवून ठेवतात. मराठीत लिहिलेलं पत्र चालतं. कंपनीचं मुख्य कार्यालय दुसऱ्या राज्यात असेल आणि इंग्रजीत लिहायचं असेल, तर वाक्यांची संख्या हीच ठेवा. रागाचे परिच्छेद जोडू नका.

पोचल्याचा पुरावा

आम्ही तीन वाटांनी पाठवलं. त्याच रात्री ई-मेल केला. ई-मेलमध्ये कंपनीचे जे जे पत्ते सापडले, म्हणजे करारातला, पावतीवरचा, वेलकम मेसेजमधला, संकेतस्थळावरचा तक्रारीचा, ते सगळे घातले आणि सही केलेलं पत्र स्कॅन करून जोडलं. बुधवारी सकाळी कॅम्पातल्या जीपीओतून स्पीड पोस्ट केलं, पोच मिळेल अशा पद्धतीने. पावती जपून ठेवली, ट्रॅकिंगमध्ये “डिलिव्हर्ड” आल्यावर त्याचा स्क्रीनशॉट काढला. खासगी कुरियरपेक्षा मी टपाल खात्याची पावती पसंत करते. पत्र पोचल्याची टपालाची नोंद ग्राहक आयोगासमोर अधिक सहज मानली जाते, असा माझा अनुभव आहे.

पत्ता लिहिताना नीट बघा. पुण्यातलं ऑफिस पुष्कळदा फक्त विक्रीचं असतं, कधी तर ते दुसऱ्याच मार्केटिंग कंपनीचं असतं. करारावरचं नाव, पावतीवरचं नाव आणि कार्डाच्या मेसेजमध्ये आलेलं नाव ही तिन्ही जुळतात का ते पाहा. बहिणीच्या बाबतीत करार एका नावाचा आणि कार्डाच्या स्लिपवर दुसरंच नाव होतं. दोघांनाही पत्र पाठवलं, आणि नोंदणीकृत कार्यालय बेंगळुरूचं होतं तिथेही एक प्रत.

तिसरी वाट म्हणजे प्रत्यक्ष जाऊन देणं. गुरुवारी मेहुणे दोन प्रती घेऊन बाणेरच्या ऑफिसात गेले. एक द्यायची, दुसरीवर शिक्का, तारीख आणि घेणाऱ्याचं नाव व सही घ्यायची. तिथल्या मुलीने सांगितलं, “रद्द करण्याची फाइल सर बघतात, ते बुधवारी येतील, तेव्हा या.” बुधवार म्हणजे 22 तारीख, मुदत उलटल्यावर. त्या मुलीला मुद्दाम असं सांगायला लावलं होतं की तिला खरंच तसंच वाटत होतं, मला माहीत नाही. पण परिणाम एकच. मेहुण्यांनी वाद घातला नाही. पत्र टेबलावर ठेवलं, ऑफिसच्या पाटीचा आणि आपल्या हातातल्या प्रतीचा फोटो काढला आणि दारातूनच ई-मेल केला: “आज 16 जानेवारी, सकाळी 11.40 वाजता आपल्या बाणेर कार्यालयात पत्र देण्याचा प्रयत्न केला, पोच देण्यास नकार मिळाला.” नकाराचा असा पुरावाही पुढे कामाला येतो.

पैशाचं टोक

मेंबरशिप रद्द झाली म्हणून ईएमआय आपोआप थांबत नाही. मेंबरशिपचा करार वेगळा, कर्जाचा वेगळा. हे न कळल्यामुळे लोक हप्ते थकवतात आणि सिबिल बिघडवून घेतात.

कार्डाचं सोपं आहे. सही झाली त्या आठवड्यात बँकेला फोन करून सांगा की हा व्यवहार ईएमआयमध्ये बदलू नका. आधीच बदलला असेल, तर परतावा आल्यावर ईएमआय बंद करायला बँकेला वेगळं कळवावं लागतं. नाहीतर कार्डावर पैसे जमा दिसतात आणि हप्ता व त्यावरचं व्याज चालूच राहतं. वादाचा अर्ज करताना “हा व्यवहार मी केला नाही” असं चुकूनही लिहू नका. पिन तुम्ही घातला होता, बँक तो अर्ज त्याच दिवशी फेटाळेल. तुमचं म्हणणं आहे की सेवा मुदतीत रद्द केली आणि परतावा मिळाला नाही. पत्राची प्रत आणि पोचीची पावती जोडून चार्जबॅक, म्हणजे बँकेमार्फत व्यवहाराचे पैसे परत, मागायचा. त्यालाही मुदत असते, ती मोजक्या महिन्यांची. कंपनी “प्रोसेसमध्ये आहे” म्हणत राहिली तरी ती मुदत हातून जाऊ देऊ नका.

कर्जाचं थोडं किचकट आहे. फोनवर ओटीपीने घेतलेल्या डिजिटल कर्जाला रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार स्वतःचा कूलिंग ऑफ असतो, किमान एक दिवसाचा. तुमच्या कर्जाला किती, ते “की फॅक्ट स्टेटमेंट” नावाच्या कागदावर लिहिलेलं असतं, आणि तो ई-मेलमध्ये कुठेतरी येऊन पडलेला असतो. मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज भरलं की कर्ज दंडाशिवाय बंद होतं. पण अडचण अशी की हे मुद्दल तुमच्या खात्यात आलेलंच नसतं, थेट क्लबला गेलेलं असतं. म्हणजे 1,30,000 रुपये तुम्ही खिशातून भरायचे आणि मग क्लबच्या मागे लागायचं. रक्कम छोटी असेल तर तेही करण्यासारखं आहे, डोक्यावरचं कर्ज जातं. बहिणीकडे तेवढे पैसे मोकळे नव्हते. तिने फायनान्स कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहिलं की ज्या खरेदीसाठी हे कर्ज होतं ती रद्द झाली आहे, सोबत रद्दपत्र आहे, तुम्ही दिलेली रक्कम क्लबकडून परत घेऊन खातं बंद करा. त्यांनी उत्तर दिलं की क्लबकडून पैसे आले की बंद करू, तोवर हप्ता देय आहे.

5 फेब्रुवारीला पहिला हप्ता आला, सुमारे 6,300 रुपये. तिने तो भरला, आणि भरताना ई-मेल केला की हा हप्ता हक्क राखून भरत आहे आणि त्याचा परतावा मागणार आहे. तिला ते पटत नव्हतं, आणि तिचा राग मला कळत होता. पण ऑटो-डेबिट परत गेलं की दंड लागतो, क्रेडिट नोंद बिघडते आणि मूळ मुद्दा बाजूला पडतो.

कुणी पुढच्या तारखांचे चेक दिले असतील तर आधी रद्दपत्र पोचवा, मगच बँकेत “स्टॉप पेमेंट” द्या, आणि ते दिल्याचं क्लबलाही कळवा. चेक न वटल्याची फौजदारी तक्रार टिकायला मुळात कायदेशीर देणं असावं लागतं. ते देणं उरलेलं नाही हे तुमच्या पत्राच्या तारखेवरून दिसलं पाहिजे.

मनवायला येणारे फोन

पत्र पोचल्यावर फोन सुरू होतात. आवाज गोड असतो. आधी आणखी दोन रात्री देतात, मग शुल्क दोन वर्षं माफ करतात, मग स्वस्तातली पाच वर्षांची मेंबरशिप पुढे करतात. बहिणीला एकाने सांगितलं, “मॅडम, तुमचं रद्दीकरण आम्ही महिनाभर होल्डवर ठेवतो, तुम्ही शांतपणे विचार करा.” होल्डला “हो” म्हणालात की रद्दीकरण मागे घेतलं असा अर्थ लावता येतो. नव्या योजनेच्या कागदावर सही केलीत तर तो नवा करार, आणि त्याला कूलिंग ऑफ असेलच असं नाही. “फायनल सेटलमेंटसाठी ऑफिसला या” हे बोलावणंही टाळा. ते तेच टेबल असतं आणि तेच लोक असतात. बहिणीने एकच उत्तर पाठ केलं होतं: “रद्द झालंय, जे असेल ते ई-मेलवर लिहा.” आणि प्रत्येक फोननंतर दोन ओळींचा ई-मेल: आज इतक्या वाजता अमुक यांचा फोन आला, आमचा निर्णय कायम आहे.

28 जानेवारीला त्यांचं पहिलं लेखी उत्तर आलं. परतावा मंजूर, पण 9,000 रुपये “प्रक्रिया खर्च” वजा जाता, आणि सोबत “आमचे सर्व हक्क पूर्णपणे मिळाले, पुढे कोणतीही तक्रार करणार नाही” असं एक पत्र सही करून पाठवायचं. तिने विचारलं की हे 9,000 कोणत्या कलमात आहेत. करारात मुदतीतल्या रद्दीकरणावर फक्त वापरलेल्या सुविधांची किंमत कापायची तरतूद होती, आणि वापरलेलं काही नव्हतं. सहीच्या पत्राबद्दल तिने कळवलं की पैसे जमा झाल्यावर मिळालेल्या रकमेची पावती देऊ. काही कंपन्या मूळ किट, व्हाउचर, कार्ड परत मागतात. ते द्यायचं, पण यादी करून आणि पोच घेऊन.

17 फेब्रुवारीला कार्डावर 55,000 पूर्ण आले. कर्जाची रक्कम क्लबकडून फायनान्स कंपनीकडे जायला महिनाअखेर उजाडला. भरलेला हप्ता मार्चमध्ये परत आला, मधल्या दिवसांचं व्याज वजा होऊन. ते सुमारे दोन हजार रुपये तिने सोडून दिले. मी म्हटलं असतं तर तिने तेही मागितले असते, पण तिला हा विषय घरातून जायला हवा होता आणि ते मला पटलं.

कंपनी ऐकतच नसेल तर

पंधरा-वीस दिवसांत लेखी होकार आला नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर किंवा consumerhelpline.gov.in वर तक्रार नोंदवा. ही यंत्रणा हुकूम देत नाही, तक्रार कंपनीकडे पाठवून तोडगा काढायचा प्रयत्न करते. तरी पुष्कळ फायली तिथेच हलतात. बँकेने किंवा फायनान्स कंपनीने 30 दिवसांत तक्रार सोडवली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर जाता येतं.

त्यानंतर पुणे जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने एक मोठी सोय केली: तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथेही तक्रार करता येते. करारात “फक्त बेंगळुरूच्या न्यायालयांना अधिकार” किंवा लवादाचं कलम असलं तरी त्यामुळे ग्राहक आयोगाचा रस्ता बंद होत नाही. भरलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, वकील सक्तीचा नाही, आणि e-jagriti.gov.in वरून ऑनलाइन दाखल करता येतं. मुदत वादाचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. तक्रारीत क्लब, पैसे घेणारी दुसरी कंपनी असेल तर तीही, आणि फायनान्स कंपनी, सगळ्यांना पक्षकार करा. मांडणी “सेवेतील त्रुटी” आणि “अनुचित व्यापार प्रथा” यांची ठेवा. “करारच अन्याय्य आहे, तो रद्दबातल ठरवा” अशी मागणी घातली तर ती तक्रार मुळात राज्य आयोगाच्या अखत्यारीत जाते, आणि जिल्ह्यातली फाइल त्या मुद्द्यावर अडकू शकते.

तोंडी आश्वासनं कामाला येतात ती इथे, आणि मुदत हुकलेल्या लोकांना तर हाच आधार असतो. लेखी कराराविरुद्ध तोंडी बोलणं सहसा पुरावा म्हणून चालत नाही, हा नियम खरा आहे. पण फसवणूक करून किंवा खोटं सांगून संमती घेतली असं म्हणणं असेल तर ते दाखवायला तोंडी पुरावा देता येतो. फक्त तो ठोस हवा. विक्रेत्याने कागदावर पेनाने केलेली आकडेमोड, तिथेच “शुल्क 0” लिहिलेली चिठ्ठी, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं “कोणत्याही सीझनला चालेल” हे उत्तर, गिफ्टच्या फोनचा कॉल लॉग. हे मुदतीत असतानाच गोळा करून ठेवा. ज्या विक्रेत्याने आश्वासन दिलं त्याला लगेच एक साधा मेसेज करा: “शनिवारी तुम्ही वार्षिक शुल्क नाही म्हणाला होतात, करारात साडेनऊ हजार दिसतंय, बरोबर का?” त्याने सफाई दिली, “पुढे माफ करू” म्हणाला किंवा गप्प बसला, तरी तारखेसह नोंद झाली. चॅट डिलीट करू नका, फोन बदलला तरी जुना ठेवा. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं आणि ते मूळ फोनवरून देणं सोपं जातं.

बहिणीच्या बाबतीत मेहुण्यांच्या शर्टाच्या खिशात हॉटेलच्या लेटरहेडचा एक कागद निघाला होता, त्यावर निळ्या पेनाने “मेंटेनन्स – शून्य” लिहिलेलं. आम्ही तो कंपनीला कधी दाखवलाच नाही. तो अजून त्या फाइलच्या मागच्या कप्प्यात आहे.